भाड्याच्या पहिल्या घरासाठी भेट: मुरवून दिलेला बिडाचा तवा

लग्नसराई संपली की इंदूरच्या आमच्या मराठी घरांमध्ये एक प्रश्न हमखास निघतो. नवीन जोडप्याने विजय नगरच्या बाजूला भाड्याने घर घेतलंय, दोघांच्या नोकऱ्या तिकडेच आहेत, तर घर बघायला जाताना न्यायचं काय? रामबागेतली, सुदामा नगरातली मामा-मावशी मंडळी भिंतीवरचं घड्याळ, गणपतीची फ्रेम किंवा काचेचा डिनर सेट घेऊन पोचतात. घड्याळाला खिळा लागतो आणि खिळ्याला घरमालकाची परवानगी. डिनर सेट ठेवायला कपाट लागतं, आणि भाड्याच्या स्वयंपाकघरात ओट्याखाली दोन कप्पे मिळाले तरी पुष्कळ. शिवाय वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेकरार नोंदवावा लागतो, म्हणून करार बहुतेक 11 महिन्यांचाच असतो. मुदत संपली की पुन्हा खोकी भरा.

म्हणून मी ठामपणे एकच भेट सुचवते: बिडाचा सपाट तवा, तोही दुकानातून आणून तसाच न देता, घरी तेलाचे पातळ थर तापवत नीट मुरवून, पहिल्या दिवसापासून वापरता येईल असा. नुसता तवा कोणीही विकत घेऊ शकतं. पण नवा बिडाचा तवा वापरण्याजोगा करायला एखादी मोकळी दुपार लागते, घरात धूर होतो, आणि नव्या संसारात सामान लावण्यात गढलेल्या दोघांना नेमका तेवढाच वेळ नसतो. मग तो तवा तसाच वापरला जातो, पहिलंच धिरडं चिकटतं, तवा माळ्यावर जातो आणि नॉनस्टिक येतो. त्याचा लेप वर्ष-दोन वर्षांत उडतो. आपण खरं देतो ती ही मुरवण्याची मेहनत.

आधी चौकशी करा

विचारायच्या गोष्टी तीनच, पण त्या विचारल्याशिवाय दुकानात जाऊ नका. स्वयंपाक कशावर होणार आहे, त्यांच्याकडे तवा आहे का, आणि तवा उचलणाऱ्या हाताला किती वजन पेलतं.

पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. घर बदललं की गॅसची जोडणी यायला वेळ लागतो, त्यामुळे पहिले काही आठवडे बरीच जोडपी इंडक्शन शेगडीवर किंवा पाच किलोच्या लहान सिलिंडरवर काढतात. माझ्या भाचीचं असंच होतं. घरात दोन बर्नरची शेगडी आणून ठेवलेली, पण सिलिंडर आलेला नाही, आणि सगळा स्वयंपाक एका इंडक्शनवर. बीड आणि लोखंड दोन्ही इंडक्शनवर चालतात, कारण त्यांना लोहचुंबक चिकटतो. मात्र तव्याचा तळ अगदी सपाट असायला हवा. पोळ्यांचा आपला नेहमीचा खोलगट तवा गॅसवर उत्तम, पण इंडक्शनवर त्याचा मधलाच भाग टेकतो आणि कडा गारच राहतात. काही शेगड्या तर असं भांडं ओळखतच नाहीत आणि टुं-टुं करून बंद पडतात.

दुसरा प्रश्न सरळ विचारला तर भेटीची गंमत जाते. त्यापेक्षा मुलीच्या आईला आणि मुलाच्या आईला, दोघींनाही वेगवेगळं विचारावं. दोन्ही घरून तवा येण्याची शक्यता खरी असते. आमच्याकडे विहीणबाईंनी पोळ्यांचा तवा आधीच दिला होता, म्हणून मी धिरडी, घावन, थालीपीठ, डोसा यांसाठी सपाट तवा ठरवला. दोन्ही तवे असले तरी ते एकमेकांच्या आड येत नाहीत.

वजनाचं सांगायचं तर बिडाचा 10 इंची तवा दोन किलोच्या आसपास भरतो आणि 12 इंची त्याहून बराच जड. दोन माणसांच्या घराला 10 इंच पुरतात. एका वेळी एक मोठं थालीपीठ होतं, आणि तवा घरगुती बर्नरवर किंवा इंडक्शनच्या मधल्या वर्तुळावर बऱ्यापैकी बसतो. 12 इंची तव्याच्या कडा लहान शेगडीवर तापतच नाहीत. मध्ये करपतं आणि कडेला पीठ कच्चं राहतं.

बर्तन बाजारात तवा निवडताना

इंदूरला राजवाड्याजवळच्या बर्तन बाजारात बिडाची भांडी मिळतात आणि हाताळून घेता येतात, हा मोठा फायदा. ऑनलाइन मागवलेला तवा वाटेत तडकून येऊ शकतो, कारण बीड कठीण असलं तरी ठिसूळ असतं. घडीव लोखंडाचा तवा पडला तर वाकेल, बिडाचा पडला तर फुटेल. हे नवीन जोडप्यालाही सांगून ठेवावं लागतं.

दुकानात तवा एका हाताने कडीला धरून अधांतरी ठेवा आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी वाजवा. चांगला तवा घंटेसारखा थोडा वेळ घुमतो. तडा असेल तर बद्द आवाज येतो. दुकानदारही हेच सांगतात, "बहनजी, आवाज सुन लो, फिर पैसे दो." मग तवा काउंटरवर पालथा न घालता सरळ ठेवा आणि कडेला दोन ठिकाणी बोटाने दाबून बघा. डुगडुगला तर इंडक्शनसाठी तो बाद. गॅसवर थोडं डुगडुगणं चालून जातं, पण आज गॅस आहे म्हणून पुढच्या घरात असेलच असं नाही, तेव्हा सपाटच घ्या.

पृष्ठभागावरून तळवा फिरवा. बारीक खरखर असणं स्वाभाविक आहे, तेल धरायला ती उपयोगीच पडते. पण टोचणारे कंगोरे किंवा खोल खड्डे असतील तर दुसरा बघा, खड्ड्यात पीठ अडकत राहतं. मूठ लांब एकच असण्यापेक्षा दोन्ही बाजूंना छोटे कान असलेला तवा लहान ओट्यावर सोयीचा पडतो. लांब मुठीला जाता-येता धक्का लागतो, आणि दोन किलोचा तापलेला तवा पायावर पडणं ही काही छोटी गोष्ट नव्हे.

तयार मुरवलेला म्हणून विकला जाणारा तवाही मिळतो. तो घेतला तरी हरकत नाही, पण त्यावरचा थर बहुधा पातळ असतो. घरी धुऊन दोन-तीन थर आणखी द्यावे लागतात. मी साधा कोराच घेते, कारण मग त्यावर काय लावलंय हे मला माहीत असतं.

वडीलधाऱ्यांचा एक मुद्दा मनात ठेवा. शनिवारी लोखंड विकत आणू नये असं बऱ्याच घरांत मानतात. आपण मानत असू किंवा नसू, नव्या घराच्या आनंदात कोणाच्या मनात शंका नको, म्हणून शनिवार सोडून खरेदी करा.

धुणं आणि कोरडं करणं

कोऱ्या तव्यावर गंज लागू नये म्हणून यंत्राचं तेल किंवा मेणासारखं काही लावलेलं असतं. ते खाण्याचं नाही, तेव्हा ते पूर्ण निघालंच पाहिजे. कडकडीत पाणी, भांडी घासायचा साबण आणि तारेची घासणी घेऊन तवा दोन्ही बाजूंनी, कानांच्या खाचांसकट, नीट घासा. आयुष्यात या एकाच वेळी तव्याला तारेची घासणी मनसोक्त लावायची. पाणी काळं येत राहील. ते जवळजवळ स्वच्छ येईपर्यंत धुणं सुरू ठेवा.

धुतल्यावर तवा निथळत ठेवू नका. उघडं बीड ओलं राहिलं तर थोड्याच वेळात नारिंगी गंज दिसायला लागतो. लगेच पुसा आणि मंद आचेवर ठेवा, पाण्याचा शेवटचा अंश उडून जाईपर्यंत. तवा आता मळकट राखाडी दिसेल. तसाच दिसायला हवा.

मुरवण्याची कृती

इथे घाई करून चालत नाही आणि तेल जास्त घालूनही चालत नाही. काय घडतं ते आधी समजून घेतलं तर हात आपोआप बरोबर चालतो. तेलाचा पातळ थर धूर येण्याइतका तापला की त्याचे कण एकमेकांत गुंफले जाऊन कडक, कोरडा पापुद्रा बनतो आणि बिडाला घट्ट धरून बसतो. मग ते तेल राहत नाही, पुसूनही जात नाही. असे पातळ थर एकावर एक चढले की तवा काळा, गुळगुळीत होतो आणि त्यावर पीठ चिकटत नाही. थर जाड झाला तर वरचा भाग वाळतो, आतला ओशट राहतो, आणि तवा कायम चिकट लागतो.

तेल साधं शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं घ्या. जवसाचं तेल लवकर वाळतं आणि सुरुवातीला सुंदर काळी चकाकी देतं, म्हणून बरेच लोक ते सुचवतात. पण त्याचा थर ठिसूळ होतो आणि वापरात पापुद्रे सुटतात. रोजच्या वापराच्या तव्यासाठी ते मी सुचवणार नाही. तूप आणि लोणी मुरवायला नको, लोण्यातला दुधाचा अंश तर जळतोच.

खिडक्या उघडा, एक्झॉस्ट पंखा लावा. जवळ दोन जुनी सुती फडकी, एक चिमटा आणि जाड हातरुमाल ठेवा. फडकं सुतीच हवं, नायलॉन मिसळलेलं असेल तर तापलेल्या तव्यावर वितळून चिकटेल. तवा मध्यम आचेवर चांगला गरम करा आणि आच बंद करा. अर्धा छोटा चमचा तेल टाकून चिमट्यात धरलेल्या फडक्याने वर, खाली, कडा, कान, सगळीकडे फिरवा. आता दुसरं कोरडं फडकं घ्या आणि लावलेलं सगळं तेल पुसून काढा. अगदी सगळं, जणू चुकून लागलं होतं. तरीही डोळ्याला न दिसणारा एक थर उरतोच, आणि आपल्याला तेवढाच हवा असतो. बहुतेकांचा तवा बिघडतो तो याच पायरीवर, कारण जीव होत नाही पुसायला.

मग पुन्हा आच मध्यमपेक्षा थोडी वर. काही मिनिटांत धूर निघायला लागेल. तो निघू द्या आणि थांबेपर्यंत तवा तापत ठेवा, साधारण दहा मिनिटं. बर्नर मधलाच भाग जास्त तापवतो, म्हणून अधूनमधून जाड हातरुमालाने धरून तवा सरकवा आणि प्रत्येक कड आळीपाळीने ज्योतीवर आणा. धूर थांबला की गॅस बंद. तवा हात लावण्याइतका निवला की दुसरा थर. असे पाच-सहा थर द्या.

पहिल्या थरानंतर तवा तांबूस, डागाळलेला दिसतो आणि पाहणाऱ्याला वाटतं काहीतरी बिघडलं. बिघडलेलं नसतं. तिसऱ्या-चौथ्या थराला गडद तपकिरी येतो, मग काळपट. गॅसवर मुरवलेल्या तव्याच्या कडा मध्यापेक्षा थोड्या फिक्या राहतात, त्या वापरात काळ्या होतात.

ज्यांच्या घरी मोठा ओव्हन आहे त्यांचं काम सोपं होतं. तेल लावून, पुसून, तवा पालथा घालून 230 अंश सेल्सिअसवर एक तास ठेवायचा आणि ओव्हनमध्येच निवू द्यायचा. सगळीकडे सारखी उष्णता लागते, त्यामुळे तीन थरांतही छान रंग येतो. 10 इंची तवा कानांसकट ओव्हनमध्ये मावतो का हे मात्र आधी मोजून घ्या.

तेलकट फडकी गुंडाळून कोपऱ्यात टाकू नका. पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून मग कचऱ्यात टाका.

तवा तयार झाला हे कसं ओळखायचं

निवलेल्या तव्यावरून बोटाचं टोक ओढा. ते सरसर सरकलं पाहिजे, अडखळलं तर तवा चिकट आहे. पांढऱ्या कोरड्या फडक्याने पुसा. हलकी तपकिरी छटा आली तर चालते, नारिंगी आली तर गंज शिल्लक आहे. मग तवा तापवून चमचाभर तेलावर एक कांदा उभा चिरून चांगला लाल होईपर्यंत परता. कांदा फेकून द्यायचा. नव्या तव्याचा जो धातूसारखा वास असतो तो त्याने कमी होतो, आणि कुठे चिकटतंय हेही लगेच दिसतं. शेवटी एक लहान धिरडं घालून बघा. कडा स्वतःहून सुटल्या, आणि उलथणं न खुपसता ते उलटलं, तर तवा द्यायला तयार आहे.

चिकटपणा राहिला असेल तर आणखी तेल लावून तो जात नाही, उलट वाढतो. तेल न लावता तवा चांगला धूर येईपर्यंत पुन्हा तापवा. बहुतेक वेळा तेवढ्याने ओशट थर वाळतो. तरीही नाही गेला, किंवा पापुद्रे सुटत असले, तर तारेच्या घासणीने तो थर काढा आणि तेवढ्या भागावर पातळ थर पुन्हा द्या. सगळा तवा खरवडायची गरज नसते.

सोबत काय द्यायचं

रिकामं भांडं कोणाला देऊ नये ही आपली जुनी रीत आहे, आणि इथे ती अगदी चपखल बसते. तव्यासोबत किलोभर थालिपिठाची भाजणी द्या. नव्या तव्याला मुरत राहायला तेल आणि आंबट नसलेलं पीठ दोन्ही हवं असतं, आणि थालिपिठात ते मिळतं. शिवाय ऑफिसातून रात्री उशिरा आलेल्या दोघांना कणीक मळून पोळ्या लाटण्यापेक्षा कांदा-कोथिंबीर घालून थालीपीठ थापणं सोपं जातं.

भाजणीसाठी दोन वाट्या ज्वारी, एक वाटी बाजरी, एक वाटी तांदूळ, एक वाटी हरभरा डाळ, अर्धी वाटी उडीद डाळ आणि अर्धी वाटी गहू घ्या. प्रत्येक धान्य वेगळं, मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजायचं. एकत्र भाजलं तर तांदूळ कच्चा राहतो आणि डाळ करपते. शेवटी पाव वाटी धने आणि मोठा चमचाभर जिरं हलकंच गरम करून घाला. सगळं पूर्ण गार झाल्यावर गिरणीतून जरा सरसरीत दळून आणा. गरम भाजणी डब्यात भरली तर वाफ धरते आणि पिठाला वास येतो.

बाकी लहान गोष्टी तीन: सरळ कडेचं स्टीलचं किंवा लाकडी उलथणं, नारळाच्या काथ्याची घासणी, आणि तव्यासाठीच राखून ठेवायचं एक सुती फडकं. सोबत हाताने लिहिलेली चिठ्ठी द्या, ओट्याजवळ लावता येईल अशी. त्यात चार ओळी पुरेत: साबण कमी, पाण्यात भिजत ठेवू नका, धुतल्यावर आचेवर वाळवा, थेंबभर तेल पुसून ठेवा.

भेट सामान लावण्याच्या पहिल्या आठवड्यातच पोचवावी. महिन्याभराने दिलेला तवा दुसऱ्या तव्याच्या मागे जातो.

पहिला महिना

तवा दिला की आपलं काम संपत नाही. पहिल्या महिन्यात एक-दोनदा फोन करून विचारा, कारण तवा जमतो किंवा बिघडतो तो याच काळात.

सुरुवातीला पराठे, थालीपीठ, धिरडी, परतलेले बटाटे असं तेल लागणारं काहीही करा. टोमॅटो, चिंच, कोकम, दही घातलेलं पिठलं किंवा रस्सा या तव्यावर नको. आंबटपणामुळे मुरवलेला थर सुटतो, पदार्थ काळा पडतो आणि धातूची चव लागते. काही महिन्यांनी थर पक्का झाला की टोमॅटो ऑम्लेटसारखं चटकन होणारं काही चालतं, पण आंबट पदार्थ शिजवत ठेवायला बिडाचं भांडं नाहीच.

थालीपीठ थंड तव्यावर थापायची आपली पद्धत असली तरी नव्या बिडाच्या तव्यावर ते ओल्या फडक्यावर थापून, तापलेल्या आणि तेल लावलेल्या तव्यावर उलटं टाका. मध्ये भोकं पाडून त्यात तेल सोडा. खालची बाजू लाल झाली की ते स्वतःच सुटतं. त्याआधी उलथणं घुसवलं तर फाटतं. चिकटण्याचं कारण बहुतेक वेळा तवा पुरेसा न तापणं किंवा घाईने उलटणं हेच असतं. भाचीचा पहिल्याच आठवड्यात फोन आला, "मावशी, धिरडं मध्ये सुटतं आणि कडेला चिकटतं गं." तिचं बरोबर होतं. इंडक्शनचं वेटोळं मधल्या भागापुरतंच असतं, त्यामुळे कडांपर्यंत उष्णता पोचायला बिडाला वेळ लागतो. तिला मी सांगितलं, आधी 400-500 वॅटवर चार-पाच मिनिटं तवा तापू दे, मग 1000 च्या आसपास ने, आणि धिरडं कडेपर्यंत पसरू नको. त्या दिवसापासून तक्रार गेली.

इंडक्शनवर थंड तवा एकदम सगळ्यात वरच्या आकड्यावर ठेवणं वाईट. मधला भाग तापून फुगतो, कडा गारच असतात, आणि या ताणाने बीड तडकू शकतं. तडकलं नाही तरी मधला मुरवलेला थर जळून जातो. तव्याच्या मध्यभागी फिकट राखाडी गोल दिसायला लागला तर समजा हेच चाललंय. तेवढ्या भागाला दोन पातळ थर द्या आणि आच कमी ठेवायला सांगा. तवा काचेवर ओढू नये, उचलून ठेवावा, नाहीतर काचेवर ओरखडे पडतात. आणि तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतायचं नाही, मग शेगडी कोणतीही असो.

आता सगळ्यात मोठा धोका. भांडी घासायला येणाऱ्या मावशींना कोणी काही सांगितलेलं नसतं, आणि त्या काळा तवा पाहून तो मळलेलाच समजतात. त्यांच्या हाताला कष्टाची सवय असते. तारेची घासणी घेऊन त्या मन लावून तवा पांढरा करून ठेवतात, आणि वर तो ओला पालथा घालतात. सकाळी गंज. यात त्यांचा दोष नाही. तवा घासायच्या भांड्यांत जाऊच द्यायचा नाही, एवढाच उपाय. खाऊन झालं की तवा कोमट असतानाच काथ्याने पाण्याखाली घासायचा, फार ओशट वाटला तर साबणाचा एखादा थेंब चालतो, मग पुसून मिनिटभर आचेवर. मिनिटा-दोन मिनिटांचं काम आहे. काही करपून चिकटलं असेल तर तव्यात थोडं पाणी घालून उकळा, लाकडी उलथण्याने सुटतं.

इंदूरला नळाला नर्मदेचं पाणी येतं, पण बऱ्याच इमारतींमध्ये बोअरिंगचं जड पाणीही वापरलं जातं. असं पाणी तव्यावर वाळलं तर पांढुरके डाग राहतात. तो गंज नव्हे. थेंबभर तेलाने पुसलं की जातात, आणि धुतल्या-धुतल्या पुसला तर येतच नाहीत.

गंज आणि घरबदल

पावसाळ्यात बंद कप्प्यात ठेवलेल्या तव्यावर ठिपक्यांसारखा गंज येऊ शकतो. ठिपके वरवरचे असतील तर काथ्याने जाड मीठ आणि तेल लावून घासा, धुवा, वाळवा, एक पातळ थर द्या. सगळा तवाच नारिंगी झाला असेल तर त्याला पुन्हा कोरा तवा समजायचं आणि धुण्यापासून सगळी कृती करायची. तवा वाया गेलेला नसतो. वाया जातो तो फक्त तडकलेला.

दिवाळीला दोघं गावी जाणार असतील तर तव्याला तेलाचा हात फिरवून, नीट पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवायला सांगा. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नये, आत ओल धरते. घर बदलताना तवा खोक्याच्या अगदी तळाशी, आडवा आणि कापडात गुंडाळून ठेवायचा. उभा ठेवलेला तवा गाडीच्या धक्क्याने दुसऱ्या भांड्यावर आपटतो आणि त्याची कड उडते. नव्या घरात शेगडी बदलली असेल, तर पहिल्यांदा तवा मंद आचेवर ठेवून कडा आणि मध्य सारखे तापतात का ते बघावं, आणि मगच त्यावर पीठ टाकावं.